डोळा मिटला, रेघ गेली नाही

परभणीतल्या एका सर्व्हेच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. जिंतूरकडच्या एका गावाच्या रस्त्याचा १:२००० स्केलचा ए३ नकाशा आम्ही ऑटोकॅडमधून पीडीएफ केला होता. त्यात गट नंबर, बांध, विहिरी असे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर होते. शिवाय आमच्या पुरता एक कच्चा लेयर होता. रस्ता रुंद केला तर कुणाची किती जमीन जाईल, याची लाल रेघ त्यात होती. अजून काहीच ठरलं नव्हतं.

गावाला दाखवायला लाल रेघेविना नकाशा हवा होता. मी पीडीएफ रीडरमध्ये डावीकडचं लेयर्सचं पॅनल उघडलं, त्या लेयरच्या नावापुढच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं. रेघ गायब. तीच फाईल मी पाठवून दिली. संध्याकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, आमच्या बांधातून लाल रेघ कामून गेली?"

घोळ माझाच होता. डोळा मिटला की लेयर फक्त पडद्यावर दिसत नाही, फाईलमध्ये तो असतोच. शिवाय रीडरमधला बदल तेवढ्यापुरताच असतो. फाईल पुन्हा उघडली की ती मूळ स्थितीत येते. मोबाईलवरची काही ॲप तर लेयर ओळखतच नाहीत, सगळं एकदम दाखवतात.

रात्री पुन्हा बसलो. डोळा मिटला आणि फाईल `Microsoft Print to PDF` वर प्रिंट केली, कारण प्रिंटमध्ये सहसा दिसतं तेवढंच जातं. नवी फाईल आली, पण पट्टी लावून बघायची सवय कामी आली. कागदावर काढलेल्या प्रतीत १०० मीटरची स्केलपट्टी ५ सेंटिमीटर हवी होती, ती ३.५ भरली! प्रिंटरचा कागद ए४ राहिला होता आणि `Fit` ने नकाशा आवळून बसवला होता. कागद ए३ केला, `Actual size` निवडलं, तेव्हा ५ भरली.

मग तपासणी. नव्या फाईलच्या लेयर्स पॅनलमध्ये एकही लेयर नव्हता. शब्द शोधून बघण्यावर मी विसंबलो नाही. ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्ट पीडीएफमध्ये बहुधा अक्षरं म्हणून जात नाहीत, रेघा म्हणून जातात, त्यामुळे नाव डोळ्यांसमोर असूनही शोधात सापडत नाही. शेवटी फाईल ऑफिसातल्या दोन-तीन साध्या मोबाईलवर उघडून पाहिली.

आता बाहेर जाणारा नकाशा मी पीडीएफमध्ये कातरत बसत नाही. ऑटोकॅडमध्येच नको ते लेयर फ्रीझ करतो, पीडीएफच्या पर्यायांतली `Include layer information` ची खूण काढतो आणि नव्याने प्लॉट करतो.

तो शेतकरी मात्र अजून भेटला की आधी लाल रेघेचंच विचारतो.