आईबाबांच्या पहिल्या विमानप्रवासाची फोटोओळ

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात अठ्ठावीस वर्षे खिळे जुळवत आणि पुढे मुद्रिते तपासत होते, त्यामुळे आमच्या घरात 'कॅप्शन' हा शब्द चालत नाही. ते त्याला फोटोओळ म्हणतात. छायाचित्रात जे दिसते ते पुन्हा सांगू नये आणि जे दिसत नाही पण वाचणाऱ्याला हवे असते ते चुकवू नये, हा त्यांचा जुना नियम. त्या दोघांच्या पहिल्या विमानप्रवासाच्या छायाचित्राखाली दोन ओळी लिहिताना मला या नियमाने आठवडाभर दमवले.

नोकरी लागल्यापासून दरमहा तीन हजार बाजूला टाकत आठ महिन्यांत माझे 24,000 रुपये साठले होते. नागपूरला मावसभावाचे लग्न होते. एरवी आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून जातो. या वेळी मी दोघांची जाण्यायेण्याची विमानाची तिकिटे काढली, त्यांत 21,400 रुपये गेले आणि माझे स्वतःचे तिकीट काढण्याइतके उरले नाहीत. म्हणजे दोघांना आत एकटेच जावे लागणार होते. भांडुपच्या घरी बसून मी जी तयारी करून घेतली, ती याच एका काळजीपोटी.

पहिली अडचण नावाची आली. बाबांच्या आधार कार्डावर आमच्या आडनावात इंग्रजी 'डब्ल्यू' आहे आणि आईच्या कार्डावर 'व्ही'. नवराबायकोचे आडनाव एकसारखे दिसावे म्हणून मी दोन्ही तिकिटांवर 'डब्ल्यू' घातला. हीच चूक. प्रवेशद्वारावरचा जवान तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी ताडून पाहतो, नवऱ्याच्या नावाशी नव्हे. सुदैवाने एका अक्षराची दुरुस्ती होती, ती विमान कंपनीने फोनवरच करून दिली. तिकीट काढताना समोर कार्ड ठेवून एकेक अक्षर उतरवावे, हे मला बाबांनी सुनावले. मुद्रितशोधकाच्या मुलीला ते ऐकावे लागले, याची मला आजही थोडी लाज वाटते.

निघण्याच्या दिवशी टॅक्सीवाल्याने विचारले, "टर्मिनल एक की दोन?" मुंबईत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण देशांतर्गत विमाने दोन्हीकडून सुटतात, एक सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या अंगाला आणि दुसरे अंधेरीकडे सहारला. मध्ये धावपट्टी असल्यामुळे चुकीच्या ठिकाणी उतरलेल्या माणसाला बाहेरून मोठा वळसा घालून जावे लागते. आमच्या तिकिटावर दोन होते. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते, म्हणून आम्ही अडीच तास आधी पोचलो. दारापाशी मी दोघांचे छायाचित्र काढले: बाबांच्या खांद्याला कापडी पिशवी, आईच्या हातात दोन्ही आधार कार्डे, तीही अशी घट्ट धरलेली की जणू परत मागितली तरी ती देणार नाही.

पुढचे मला फोनवर कळले. बाबांच्या चंचीत सुपारीबरोबर अडकित्ता होता. पिशवी मी आदल्या रात्री स्वतः तपासली होती, पण चंची त्यांच्या खिशात होती. सुरक्षा तपासणीत जवानाने तो बाजूला काढला आणि सांगितले की, मागे जाऊन मोठ्या सामानात टाकून या. पण मोठी बॅग केव्हाच पट्ट्यावरून आत गेली होती. अडकित्ता तिथेच राहिला. त्याच दिवशी घेतलेली काळजी मात्र कामी आली: आईला मी आवळासुपारीची पुडी दिली होती, कारण विमान खाली उतरू लागले की कानांत दडा बसतो आणि काहीतरी चघळून गिळत राहिले की तो सुटतो. उड्डाणाच्या वेळी विमान पश्चिमेला जुहूवरून थेट समुद्रावर गेले, तेव्हा आई म्हणाली म्हणे, "अहो, नागपूर तर उलटीकडे ना?"

पण खरी धांदल त्याच्या आधी, बाबा आत गेटपाशी बसले असताना झाली. त्यांनी बोर्डिंग पासचे स्वच्छ छायाचित्र काढून भावकीच्या गटावर टाकले. मला ते पाहून घामच फुटला. त्या कागदावर सहा अक्षरे-आकड्यांचा पीएनआर असतो, आणि तो क्रमांक व आडनाव एवढ्या दोन गोष्टींवर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तिकीट उघडता येते. आमचे परतीचे तिकीट त्याच पीएनआरमध्ये होते. कोणी खोडसाळपणे ते रद्द केले असते किंवा जागा बदलल्या असत्या, तर दोघे नागपूरच्या विमानतळावर अडकले असते. नुसता क्रमांक बोटाने झाकून भागत नाही, कारण शेजारच्या बारकोडमध्येही तोच मजकूर भरलेला असतो; आणि मोबाइलमधल्या अर्धपारदर्शक पेनाने फिरवलेल्या रेघेखालची अक्षरे उजेड वाढवला की पुन्हा दिसू शकतात. मी बाबांना फोन केला. "अहो बाबा, तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट करा." ते म्हणाले, "अगं, त्यावर आमची नावं किती सुबक छापलीत!" शेवटी आईने त्यांच्या हातून मोबाइल घेतला आणि गटातल्याच भाचीला विचारत विचारत ते पुसले.

म्हणून मी ठरवले की दोघे घरी परत येईपर्यंत काहीच टाकायचे नाही. घराला कुलूप असल्याचे जगाला कळवण्यात तसाही अर्थ नव्हता.

त्या चार दिवसांत मी पहिली फोटोओळ लिहिली: 'माझ्या पहिल्या कमाईतून आईबाबांचे आकाशात उडण्याचे स्वप्न अखेर पूर्ण!' परतल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि माझ्या हातातून मोबाइल घेतला. "पहिली कमाई तू आईच्या हातावर ठेवली होतीस, ती हिनं गॅसच्या शेगडीला खर्च केली. ही बचत आहे, तसं लिही." मग बोट पुढे सरकले. "स्वप्न कुणाचं? आम्ही असलं स्वप्न पाहिलंच नव्हतं. आम्हाला रेल्वे बरी होती. 'अखेर' कशाला, कुणी वाट पाहत होतं का?" उद्गारचिन्ह त्यांनी काही न बोलता खोडले. आईने फक्त एवढेच विचारले की, तिच्या हातातली कार्डे त्या छायाचित्रात वाचता तर येत नाहीत ना. मोठे करून पाहिले, तर एका कार्डावरचे शेवटचे चार आकडे स्पष्ट दिसत होते. तेवढा भाग मी कापला आणि आईचे हात मनगटापासून गेले, ही एक हळहळ राहिली.

उरले ते असे: 'आई आणि बाबा, मुंबई विमानतळ, टर्मिनल 2. दोघांचा पहिला विमानप्रवास, माझ्या आठ महिन्यांच्या बचतीतून. नागपूरला दीड तासात पोचले. बाबांचा अडकित्ता मुंबईतच राहिला.'

रात्री साडेनऊला मी ते टाकले. दहा मिनिटांनी आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "डावीकडून राहिलं." छायाचित्रात एक पुरुष आणि एक स्त्री, दोनच माणसे आहेत. मी मुकाट्याने 'डावीकडून' घातले.