ती पुढे गेली

आजी वारली त्या दिवशी दारात आलेल्या शेजाऱ्यांना आजोबांनी एवढंच सांगितलं, “ती पुढे गेली.” मला ते पोथीतलं वाक्य वाटलं. मग आठवलं, बाजार असो की देऊळ, आजोबा नेहमी चार पावलं पुढे आणि आजी पिशवी घेऊन मागे. पन्नासेक वर्षांत तिने एकदाही त्यांना मागे टाकलं नव्हतं. ते ‘पुढे’ पोथीतलं नव्हतं, त्यांच्या रस्त्यावरचं होतं.

तेव्हापासून कवितेतही मी मरणाचं क्रियापद शोधतो. आपल्याकडे आडवळणाची हौस मोठी. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. माणूस जातो, वारतो, त्याला देवाज्ञा होते. लांबलेल्या दुखण्यानंतर तो ‘सुटतो’, आणि हे म्हणताना उशाशी रात्री जागवलेल्या माणसाचा आवाज जरा खाली येतो. सुटलेले दोघे असतात, त्यातल्या एकाला ते कबूल करायचं नसतं.

गडकऱ्यांची, म्हणजे गोविंदाग्रजांची, ‘राजहंस माझा निजला’ आठवा. मेलेलं मूल मांडीवर आणि आई म्हणते, निजला. आपण त्याला आडवळण म्हणतो, पण तिच्यासाठी ते सरळ वाक्य आहे. झोपलेल्याला उठायचं असतं, म्हणून ती त्याला सोडणार नाही. आडवळण फक्त ऐकणाऱ्यांना दिसतं.

मला मात्र सगळ्यात जास्त अडकवतात ते नामदेवांचे समाधीचे अभंग. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीत समाधी घेतली. तिथे ‘मेले’ हा शब्द येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वारकऱ्यांच्या लेखी ते मरण नव्हेच. नामदेव म्हणतात, ‘नामा म्हणे आता लोपला दिनकर’. लोपलेला सूर्य विझलेला नसतो, आपल्यापुरता आड गेलेला असतो. श्रद्धा इथे शाबूत आहे. आणि तरीही ‘आता’ हा शब्द बघा. अंधार पडलाय तो नामदेवांच्या बाजूला.

पण याच अभंगांत थोरल्या भावाचा, निवृत्तिनाथांचा एक अभंग आहे. निवृत्ती नुसते भाऊ नव्हेत, गुरू. देह नाशवंत, आत्मा अमर हे ज्ञानदेवांना ज्यांनी शिकवलं, ते. म्हणजे समजूत घालायला सगळ्यात तयार माणूस. आणि नामदेव सुरुवातच अशी करतात की, समाधान करू गेलं तरी निवृत्तींचं मन काही केल्या राहत नाही.

पुढे निवृत्ती बोलतात, आणि त्यात गेलेल्या माणसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. बांधल्या तळ्याचा पाट फुटला आणि पाणी बारा वाटांनी वळलं. बांधल्या पेंढीचा आळा, म्हणजे ती आवळून ठेवणारा बंद, सुटला आणि गवत रानोमाळ पांगलं. हरिणीविना खोपी ओस पडली, पाडसं दशदिशांना भटकताहेत. तिन्ही चित्रांत नजर उरलेल्यांवर आहे. ज्ञानदेव कुठे गेले हे निवृत्ती सांगत नाहीत, ते त्यांना ठाऊकच आहे. ते सांगतात, आम्हाला एकत्र धरणारं काय होतं. आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर: वयाने आणि अधिकाराने आई-बापाच्या जागी निवृत्ती, पण चित्रात हरिणी झालाय धाकटा भाऊ. नातं उलटं झालंय, आणि सरळ बोलताना हे त्यांच्या तोंडून निघालं नसतं.

मग येते ती ओळ: मायबापांनी आम्हाला त्यागलं तेव्हाही असं संकट झालं नव्हतं. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी ब्रह्मवृंदाच्या निर्णयावरून देहान्त प्रायश्चित्त घेतलं, अशी परंपरा सांगते. निवृत्ती त्याला मरण म्हणत नाहीत, प्रायश्चित्तही नाही. ‘त्यागियेले’ म्हणतात. पोरकं झालेल्या मुलाची ती तक्रार आहे, आणि ती जुनी तक्रार नव्या दुःखाने वर आली आहे. ज्ञानी गुरूने इतकी वर्षं ती कुठे ठेवली होती?

याच्या शेजारी तुकोबा ठेवून पाहिले. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेला हा माणूस म्हणतो, ‘बाईल मेली मुक्त झाली’. आधी ‘मेली’, मग ‘मुक्त’. पुढे पोर मेलं, माता मेली, तेच क्रियापद. अनेकांना यात वैराग्य दिसतं. मला दात आवळून केलेली मोजदाद ऐकू येते. ज्याला आडवळण घ्यायलाही त्राण उरलेलं नाही, तो सरळ बोलतो. माझं चुकतही असेल, पण ‘बरे झाले’ असं पोराच्या मरणावर म्हणणारा माणूस बरा असतो यावर माझा विश्वास बसत नाही.

निवृत्तींच्या अभंगाचा शेवट नामदेव करतात. पाणी, गवत, हरिणी झाल्यावर आता ‘पेटला हुताशन’. मघाशी रानोमाळ पांगलेल्या त्या सुक्या गवतावर ठिणगी पडलेली. आणि देवाकडे मागणं एवढंच, की निवृत्तीचं समाधान कर. पहिल्या ओळीत जे जमलं नव्हतं, तेच पुन्हा.