बाईंच्या पाटीवरच्या पाच ओळी

“एवढा मजकूर बसवीन मी, पण वाचणार कोण?” सांगलीत दगडावर अक्षरं कोरणाऱ्या मामांनी आमचा कागद परत केला.

आमच्या पहिलीच्या बाईंची स्मृतिपाटी. काळा ग्रॅनाइट, १८ बाय १२ इंच. कागदावर ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, कर्तव्यनिष्ठ’ वगैरे अकरा ओळी आणि खाली वर्गणीदारांची नावं.

मामांनी पट्टी ठेवून दाखवलं. कडेनं दीड-दीड इंच सोडलं की उंची उरते ९ इंच. एक इंची अक्षराला वर वेलांटी-रफार, खाली उकार, म्हणून ओळीला पावणेदोन इंच तरी लागतात. म्हणजे पाचच ओळी. अक्षर बारीक केलं की ‘ष्ठ’सारखी जोडाक्षरं रंग भरताना बुजतात.

मग आम्ही तिथेच बसून विशेषणं काढली. ती कुणाच्याही पाटीवर चालली असती. बाईंनी काय केलं, तेवढंच ठेवलं. पहिल्या ओळीत मोठं नाव, आणि खाली:

१९३८–२०२४
या शाळेत ३१ वर्षे
पहिलीचा वर्ग शिकवला.
– माजी विद्यार्थी

वर्गणीदार थोडे नाराज आहेत. पण पाटी बाईंची आहे, त्यांची नावं शाळेच्या वहीत राहतील.

उद्या पूर्ण मापाचा कागद भिंतीला चिकटवून फाटकातून वाचून बघणार. कोरलेलं खोडता येत नाही.

फक्त एक ठरत नाहीये. नुसतं नाव-आडनाव कोरलं तर त्या कोण हे आमच्यातल्या निम्म्यांना कळणार नाही. नावापुढे ‘बाई’ लावावं का? तुम्ही काय केलं असतं?