खोकला येण्याआधी आवळायचं

आज क्लिनिकमध्ये एक काकू आल्या होत्या. पाळी जाऊन काही वर्षं झाली आहेत. खोकलं की लघवीचे थेंब गळतात आणि कुलपात किल्ली घालताना तर इतक्या जोरात लागते की धावावंच लागतं. "व्यायाम करते, पण फरकच नाही," म्हणाल्या. करून दाखवा म्हटलं, तर श्वास रोखून खाली जोर देत होत्या. व्यायाम असतो लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा, आणि असा जोर दिला की त्यांच्यावर उलट भार येतो. फार वाईट वाटलं, कारण मेहनत त्या मनापासून करत होत्या.

मग आडवं झोपवून शिकवलं. वायू अडवतो तसं मागून आवळा, पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या आणि आत, वर ओढा. श्वास चालू, नितंब सैल. 5 सेकंद धरा, मग पूर्ण सोडा. असं 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा. खोकला येतोय वाटलं की आधी आवळा, मग खोका. आणि जोराची लागली तर धावू नका. थांबून पटापट चार-पाचदा आवळा, कळ ओसरली की चालत जा.

फरक कळायला साधारण 3 महिने द्यावेच लागतात. पण लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.