फोटोतली डबल चिन: मान वर की खाली?

"आरशात तर माझी डबल चिन दिसत नाही, मग फोटोत कुठून येते? मान वर करू की खाली?"

वरही नको, खालीही नको, आधी पुढे. मी ओळखीपाळखीत सगळ्यांचे प्रोफाइल फोटो काढते आणि दरवेळी हेच बघते, कॅमेरा समोर आला की माणूस नकळत डोकं मागे ओढतो. ताठ बसायचं म्हणून, किंवा नुसतं लाजून. डोकं मागे गेलं की हनुवटीखालची कातडी आणि मांस गोळा होतं आणि घडी पडते, अगदी सडपातळ माणसालासुद्धा. हनुवटीखाली बोट ठेवून डोकं मागे ओढून बघा, घडी बोटालाच लागेल. आरशात हे होत नाही कारण तिथे आपण बघायला जरा पुढे झुकतो आणि आरसा बहुतेक वेळा डोळ्यांसमोरच असतो.

परवा एका मैत्रिणीचा फोटो काढायचा होता. लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःला बघून ती वैतागलेली, म्हणाली माझा गळा कुठे गेला. लॅपटॉप टेबलावर म्हणजे कॅमेरा छातीच्या उंचीला आणि तिथून वर बघतो, त्यामुळे जबड्याची खालची बाजू आणि गळा कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ, आणि जे जवळ ते मोठं दिसतं. वर ती स्क्रीनकडे बघायला मान खाली घालायची, म्हणजे घडी अजून घट्ट. मी लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर आणला, आणि तिला म्हटलं खांदे तिथेच ठेव, कासवासारखं कपाळ कॅमेऱ्याकडे सरकव, आणि मग हनुवटी अगदी थोडी खाली घे. तिला हे फार विचित्र वाटलं (बाजूने बघितलं तर दिसतंही विचित्र, हसू येतं) पण समोरून ते पुढे सरकणं कळतच नाही, फक्त जबड्याची कडा गळ्यापासून सुटी दिसते.

क्रम चुकला की बिघडतं बरं का. पुढे न सरकता नुसती हनुवटी खाली घेतली की घडी परत येते, आणि नुसती वर केली की जॉलाइन दिसते खरी पण नाकपुड्याही दिसतात. कॅमेरा फार वर नेला तर गळा गायब होतो पण कपाळ मोठं होतं, डोळे वर ताणले जातात, आणि तो फोटो लांबूनच सेल्फी म्हणून ओळखू येतो. फोन हातभर लांब धरण्यापेक्षा कुणाला तरी दीड-दोन मीटरवरून काढायला सांगा, जवळून नाक आणि हनुवटी उगाच फुगतात.

काहींचा गळा आणि जबडा यांमधला कोन मुळातच उघडा असतो, गळ्यातलं हाड खाली असतं म्हणून, वजनाचा संबंध नाही. त्यांना कितीही पुढे सरकवलं तरी रेघ धारदार येत नाही, तिथे मी उजेड वरून घेते, म्हणजे जबड्याखाली सावली पडते. आणि मांडीवरची पांढरी ओढणी बाजूला करायला सांगते, ती खालून उजेड परतवते आणि सावली खाऊन टाकते.