तुम्ही विचारलंत म्हणून: घरटं उडून जात नाही

"फोटो टाकता, पक्ष्याचं नाव लिहिता, मग जागा सांगायला काय होतं? आम्ही काय अंडी चोरणार आहोत का?"

तुम्ही नाही चोरणार, याची मला खात्री आहे. हे विचारणारे बहुतेकजण सज्जन असतात आणि पक्ष्यांवर त्यांचा खरोखर जीव असतो. पण माझ्यामुळे जे घरटं मोडलं, त्यातही चोर एकही नव्हता.

ते शृंगी घुबडाचं घरटं होतं. घरटं आपलं म्हणायचं. हे घुबड काटक्या जमवत बसत नाही, दगडमातीच्या कड्यावर एखादी सपाट कपार बघून तिथेच अंडी घालतं. मी नाल्याच्या पलीकडच्या काठावरून लांब लेन्सने मादीचा फोटो घेतला. खाली पक्ष्याचं नाव, तारीख आणि नाल्याचं नाव लिहून मोकळा झालो. तीन ओळखीच्यांनी नेमकी जागा विचारली, ती मी खाजगीत कळवली. त्या तिघांनीही आपापल्या विश्वासातल्या माणसांनाच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा कड्याखालच्या गवतात पायवाट पडली होती. कपारीवर सावली धरणारी झुडपाची फांदी कुणीतरी मोडून बाजूला टाकली होती, कारण ती फोटोच्या आड येत होती.

प्रत्येकजण दहाच मिनिटं थांबला असेल. पण दहाजणांची दहा मिनिटं मादीच्या बाजूने मोजली, तर हिशेब वेगळा लागतो. घुबडाची मादी अंड्यांवर महिन्याहून जास्त काळ बसते. ती दिवसा उठली की आधी कावळ्यांना दिसते. कावळे तिच्यामागे लागतात, कलकलाट करतात, आणि तो थांबेपर्यंत तिला परतता येत नाही. तेवढा वेळ अंडी उघडी राहतात. सावलीची फांदी नसेल तर उन्हात भाजतात, आणि मागे राहिलेल्या कावळ्याला घरटं रिकामं असल्याचं कळतं. पिल्लं असतील तर आणखी वेगळी गंमत. या घुबडाची पिल्लं उडायला लागायच्या बऱ्याच आधी कपार सोडून चालत कड्यावर फिरतात. माणसाच्या भीतीने ती त्याहूनही लवकर बाहेर पडली, तर खाली जमिनीवर येतात. तिथे कुत्री असतात.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या सगळ्या फोटोंमध्ये मादी अंग आक्रसून, डोक्यावरच्या पिसांची शिंगं ताठ उभारून बसलेली होती, आणि खाली "काय रुबाब!" असं लिहिलेलं होतं. तो रुबाब नव्हता, घाबरलेल्या घुबडाची मुद्रा होती. बिनघोर बसलेल्या घुबडाची शिंगं सैल असतात आणि अंग फुगलेलं असतं. फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्यातच बघितलं असतं, तर मागे फिरायची वेळ झाल्याचं कळलं असतं.

अंडी त्या वर्षी फुटली नाहीत.

झाडावर बसलेला दुर्मीळ पक्षी तुम्ही सांगितलात, तर सांगितलेली गोष्ट तासाभरात शिळी होते, कारण पक्षी उडून जातो. घरटं किंवा बीळ महिना-दोन महिने जागचं हलत नाही. शिकारी पक्षी आणि घुबडं तर वर्षानुवर्षं त्याच कड्यावर, त्याच झाडावर येतात. म्हणून "पिल्लं उडून गेल्यावर टाकतो की" हा तोडगाही मला अर्धवटच वाटतो. यंदाची पिल्लं सुटतात, पुढच्या वर्षीच्या अंड्यांचा पत्ता मात्र आधीच छापलेला असतो.

आता नावाबद्दल. नुसता फोटो, नाव नसलेला, लाखो फोटोंच्या ढिगात हरवतो. नाव लिहिलं की तो शोधता येतो. विकायला जनावर शोधणारा माणूस जंगलात नाही, आधी तिथे शोधतो. चीनमधल्या गुहांत राहणाऱ्या एका पालीचं असंच झालं. गोनिउरोसॉरस लुई असं नाव देऊन १९९९ साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, आणि शास्त्राच्या रीतीप्रमाणे ती जिथे सापडली ती जागाही छापली गेली. पाळीव सरड्या-पालींचा धंदा करणारे तो निबंध घेऊन तिथे पोचले. २००६पर्यंत त्या मूळ जागी ती पाल उरली नव्हती. २०१५ साली याच कुळातल्या दोन नव्या पालींचं वर्णन झालं, तेव्हा संशोधकांनी जागा मुद्दाम छापलीच नाही. शास्त्रज्ञांवर ही पाळी आली, तर आपण कोण.

"मी जागा लिहिलीच नव्हती" असंही बरेचजण म्हणतात. मोबाइलच्या फोटोत, लोकेशन चालू असेल तर, अक्षांश-रेखांश फाइलमध्येच नोंदले जातात. काही ठिकाणी फोटो चढवताना ते पुसले जातात, पण तीच फाइल जशीच्या तशी कुणाला पाठवली तर सोबत जातात. ते पुसले तरी मागची डोंगराची रेघ, विजेचा मनोरा, देवळाचा कळस बोलतोच. आणि सगळ्यात जास्त बोलतात त्याच दिवशी टाकलेले आपलेच बाकीचे फोटो.

आयनॅचरॅलिस्ट या, पाहिलेल्या प्राणी-वनस्पतींची फोटोसकट नोंद करायच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या बऱ्याच प्रजातींची जागा आपोआप झाकली जाते. नकाशावर जो ठिपका दिसतो तो ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी फेकलेला असतो. हा चौकोन विषुववृत्तावर सुमारे २२ किलोमीटर लांबरुंद भरतो. तारखेच्या जागी इतरांना फक्त महिना आणि वर्ष दिसतं. तारीख का झाकतात, असं मला आधी वाटायचं. तारीख दिसली असती, तर त्याच माणसाने त्याच दिवशी उघडपणे नोंदवलेलं फुलपाखरू बघून जागा काढता आली असती. तेवढं झाकूनही, खाली कुणी "धरणाच्या भिंतीपासून डावीकडे ना?" असं विचारतं आणि आपण आनंदाने "हो" म्हणतो. तिथे सगळा चौकोन वाया जातो.

जागा सांगूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टनजवळ १९५८ साली मत्स्यगरुडाचं घरटं होतं. जागा गुप्त होती, रात्रीचा पहारा होता, तरीही अंधारात एकजण झाडावर चढलाच. खरी अंडी गेली आणि घरट्यात बुटाच्या पॉलिशने रंगवलेली कोंबडीची अंडी मिळाली. १९५९ साली तिथल्या पक्षी संरक्षण संस्थेने उलटा डाव टाकला. जागा जाहीर केली, पहारा वाढवला आणि लोकांना ठरावीक अंतरावरच्या निवाऱ्यातून दुर्बिणीने घरटं दाखवलं. त्या हंगामात सुमारे १४ हजार माणसं येऊन गेली आणि पिल्लंही मोठी झाली. पण तिथे झाडाखाली दिवसरात्र माणूस बसत होता, आणि कोण किती जवळ जाणार हे तो ठरवत होता.

माझ्या कड्याखाली रात्रभर बसायला कुणी नाही. मीही बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता जागा मी एकालाच सांगतो, त्या भागाच्या वनरक्षकाला. तुम्हाला फोटो दाखवतो, शिंगं सैल असतील तरच.