तुम्ही विचारलंत म्हणून: एयूसी ०.९३, तरी शेतात अळी नाही

‘बोंडअळीच्या मॉडेलचा एयूसी ०.९३ आहे म्हणता, मग आमचे कृषी सहायक दहा शेतांत गेले तर नऊ ठिकाणी काहीच का सापडत नाही? खोटं कोण बोलतंय, मॉडेल की माणूस?’

दोघेही खरे बोलत आहेत. परभणीत कापसाच्या आकडेवारीवर काम करताना हा प्रश्न मला दर हंगामात ऐकावा लागतो.

एयूसी नेमके काय मोजतो ते पाच शेतांवर पाहू. दोन बाधित शेतांना मॉडेलने ०.९ आणि ०.४ गुण दिले, तर तीन निरोगी शेतांना ०.५, ०.३ आणि ०.२. बाधित-निरोगी अशा सहा जोड्या होतात आणि त्यांपैकी पाचांत बाधित शेत वर आहे, फक्त ०.४ हे ०.५ च्या खाली राहिले. सहापैकी पाच म्हणजे ०.८३, हाच एयूसी. म्हणजे तो केवळ क्रम तपासतो. सगळे गुण निम्मे केले तरी तो हलणार नाही, म्हणून ०.९ गुण म्हणजे ‘नव्वद टक्के अळी’ असे समजणे चूक आहे.

आरओसी वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजेच एयूसी. हा वक्र काढताना आपण कट-ऑफ, म्हणजे ज्या गुणापासून शेताबद्दल इशारा द्यायचा ती मर्यादा, वरून खाली आणत जातो. प्रत्येक टप्प्यावर बाधितांपैकी किती पकडले हे उभ्या अक्षावर आणि निरोगींपैकी किती उगाच ओढले हे आडव्या अक्षावर मांडतो. गोम इथेच आहे: दोन्ही प्रमाणे आपापल्या गटात मोजली जातात, त्यामुळे बाधित शेते मुळात किती थोडी आहेत हे वक्राला कळतच नाही.

समजा, ऑगस्टमध्ये, बोंडअळीमुळे नीट न उमलणाऱ्या डोमकळ्या नुकत्याच दिसू लागल्या असताना, १०,००० शेतांपैकी १०० बाधित आहेत. ज्या कट-ऑफला ८० टक्के बाधित सापडतात, तिथे १० टक्के निरोगीही ओढले जातात; ०.९३ एयूसीच्या वक्रावर असा बिंदू सहज असतो. मग खरे इशारे ८० आणि खोटे ९९०. एकूण १,०७० चकरांत जेमतेम साडेसात टक्के कामाच्या. हेच मॉडेल ऑक्टोबरमध्ये, बाधित शेते १,००० झाल्यावर, त्याच कट-ऑफला ८०० खरे आणि ९०० खोटे इशारे देईल. वक्र तोच, एयूसी तोच, पण कृषी सहायकांची तक्रार बरीच निवळलेली.

म्हणून मी आधी विचारतो की तुमची माणसे किती शेते पाहू शकतात. उत्तर २०० असेल, तर वक्राचा अगदी डावा कोपराच कामाचा. उरलेले क्षेत्रफळ जिथे कोणी कधी जाणारच नाही अशा शेतांचे आहे, आणि तरीही ते एयूसी फुगवते. दोन वक्र एकमेकांना छेदत असतील, तर ०.९० एयूसीचे मॉडेल पहिल्या २०० शेतांत ०.९३ वाल्यापेक्षा जास्त बाधित शेते दाखवू शकते. तुमच्याकडच्या यादीतली वरची २०० शेते घ्या आणि त्यांत डोमकळ्या किती शेतांत निघाल्या ते मोजा. मला तोच आकडा पाठवा.